चार राष्ट्रांचे जग, बारा पानांत

ॲनिमेशनमधल्या कल्पित जगात कोणीतरी काढल्याशिवाय काहीच नसते. जुन्या वाड्यात चित्रीकरण करणाऱ्या दिग्दर्शकाला खुंट्या, कोनाडे, झिजलेला उंबरा हे सारे आयते मिळते. ॲनिमेशनमध्ये त्या घराला उंबरा आहे की नाही, इथपासून ठरवावे लागते. शिवाय ठरवणारे आणि प्रत्यक्ष काढणारे बहुधा एका खोलीत नसतात. कथा एका देशात लिहिली जाते, स्टोरीबोर्ड दुसरीकडे तयार होतो आणि हजारो चित्रे तिसऱ्याच देशात काढली जातात. या सगळ्यांच्या हातात सारखेच जग राहावे म्हणून मालिकेच्या सुरुवातीला एक पुस्तिका तयार करतात. या व्यवसायात तिला ‘सिरीज बायबल’ म्हणतात. तिच्यात पात्रांची माहितीही असते. पण कल्पनारम्य मालिकेत तिचा कणा असतो तो जगाचा भाग, म्हणजे नियम, ठिकाणे, चालीरीती आणि पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या दृश्यखुणा.

हा भाग छोटा असावा लागतो. दीडशे पानांची पुस्तिका कोणी वाचत नाही, आणि जी वाचली जात नाही ती असून नसल्यासारखीच. दहा-बारा पाने हे चांगले माप आहे. नवा लेखक ती एका बैठकीत वाचू शकतो आणि बॅकग्राउंड रंगवणारा चित्रकार काम करताना ती शेजारी उघडी ठेवू शकतो.

असे जग किती नेटके बांधता येते, हे समजून घेण्यासाठी ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका उत्तम आहे. मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी ती निर्माण केली. 2005 ते 2008 या काळात निकलोडियनवर तिचे तीन भागांत 61 एपिसोड दाखवले गेले. लेखन अमेरिकेत झाले आणि ॲनिमेशनचे काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंनी केले. जल, भूमी, अग्नी आणि वायू या तत्त्वांची चार राष्ट्रे, आणि प्रत्येक राष्ट्रात आपले तत्त्व हालचालीने वळवू शकणारे काही लोक, हा तिचा पाया. या कौशल्याला मालिकेत ‘बेंडिंग’ म्हणतात. अग्निराष्ट्राने जग जिंकायला काढून शंभर वर्षे झाली आहेत. चारही तत्त्वे वळवू शकणारा एकमेव माणूस म्हणजे अवतार; तो बारा वर्षांचा आंग नावाचा मुलगा आहे आणि ही शंभर वर्षे तो बर्फात गोठून पडला होता. पडद्यावर जे दिसते त्यावरून उलटे मागे गेले, तर चांगली पुस्तिका कशी लिहावी हे बऱ्यापैकी कळते.

सुरुवात नियमांपासून करावी, कारण बाकी सारे त्यांतून निघते. जादूचा नियम लिहिताना पाच गोष्टी सांगाव्या लागतात: काय करता येते, त्यासाठी काय जवळ असावे लागते, शक्ती कशाने वाढते, कशाने जाते, आणि ते करताना शरीर कसे हलते. नवे लेखक पहिल्या प्रश्नावर पाने भरतात आणि उरलेल्या चारांना दोन ओळी देतात. खरे तर कथा त्या चारांतून जन्मते. जलबेंडर पाणी निर्माण करू शकत नाही. ते आसपास असावे लागते. भूमिबेंडरला माती किंवा दगड हवा. अग्निबेंडरला मात्र बाहेरून काही लागत नाही, त्याची आग श्वासातून येते. चंद्रामुळे जलबेंडरांचे बळ वाढते, सूर्यामुळे अग्निबेंडरांचे. सूर्यग्रहणाच्या काही मिनिटांत अग्निबेंडिंग बंद पडते. शंभर वर्षांनी येणारा सोझिनचा धूमकेतू तेच बळ कितीतरी पटींनी वाढवतो. अशा जेमतेम सात-आठ वाक्यांवर तीन भागांचे कथानक उभे आहे. युद्ध धूमकेतूच्या दिवशी सुरू होते, शत्रूच्या राजधानीवरचा हल्ला ग्रहणाच्या दिवशी ठरतो, आणि धूमकेतू उन्हाळ्याच्या अखेरीस परत येणार असल्यामुळे आंगला चारही तत्त्वे शिकायला मुदत मिळते ती जेमतेम काही महिन्यांची.

मर्यादेतून कथा कशी निघते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पहिल्या भागातल्या तुरुंगाचे आहे. अग्निराष्ट्राला भूमिबेंडर कैदेत ठेवायचे आहेत. जमिनीवरच्या कुठल्याही तुरुंगात त्यांच्या पायाखाली शस्त्र असणार. म्हणून तुरुंग भर समुद्रात, पूर्ण धातूच्या तराफ्यावर बांधला आहे. नियम एका ओळीचा, पण त्यातून जागा ठरली, बांधकामाचे साहित्य ठरले, कैद्यांच्या चेहऱ्यावरची हताशा ठरली आणि सुटकेचा मार्गही ठरला: तराफ्याच्या भट्ट्यांसाठी आणलेला दगडी कोळसा हाही भूमीचाच भाग आहे. 2010 साली एम. नाइट श्यामलन यांनी याच कथेवर चित्रपट काढला. त्यात हेच कैदी जमिनीवरच्या छावणीत, चहूकडे दगडमाती असताना बसून राहिलेले दिसतात, आणि पायाखाली भूमी आहे याची आठवण त्यांना आंगला करून द्यावी लागते. प्रेक्षक गोंधळले ते इथेच. नियम मोडला होता असे नाही; नियमाचा परिणाम जागेपर्यंत पोहोचलाच नव्हता. पुस्तिकेत प्रत्येक नियमाखाली ‘याचा परिणाम’ असा एक परिच्छेद असावा, तो यासाठी.

पाचवा प्रश्न, शरीराची हालचाल, हा ॲनिमेशनचा खास प्रश्न. ‘तो मंत्र टाकतो’ एवढ्या वाक्यावर चित्रकाराला काहीच काढता येत नाही. ‘अवतार’मध्ये प्रत्येक तत्त्वाला एक खरी चिनी युद्धकला दिली आहे. पाण्याला ताय चीच्या संथ, वाहत्या हालचाली. भूमीला हुंग गारचे खाली रोवलेले पाय आणि जड ठोसे. अग्नीला उत्तर शाओलिनचे आक्रमक, लांब पल्ल्याचे वार. वायूला बागुआ झांगची वर्तुळाकार पावले. सिफू किसू हे मालिकेचे युद्धकला-सल्लागार होते. याचा फायदा असा की कोरियातल्या चित्रकाराला नियम समजावून सांगावा लागत नाही, त्याचा संदर्भच हाती देता येतो. आवाज बंद करून, रंगही काढून टाकून पाहिले तरी कोण कोणत्या राष्ट्राचा आहे हे पाय पाहून ओळखू येते. टॉफ ही आंधळी मुलगी इतर भूमिबेंडरांपेक्षा वेगळी, दक्षिणी मँटिस शैलीची हालचाल करते. ती कोणत्याही गुरूकडून नव्हे, तर बॅजरमोल या आंधळ्या प्राण्यांकडून भूमी वळवायला शिकली, ही गोष्ट त्यामुळे तिच्या उभे राहण्यातही दिसते.

नियमांनंतर ठिकाणे. इथे नकाशाचा मोह फार होतो. नद्यांची नावे, राजांच्या वंशावळी, हजार वर्षांपूर्वीच्या लढाया लिहिताना आनंद होतो आणि पाने भरतात. पण दृश्य लिहिणाऱ्याला त्यातले थोडेच कामी येते. गाळणीसाठी एक कसोटी पुरते. ठिकाणाबद्दलचे प्रत्येक वाक्य वाचून विचारावे, यावरून काही काढता येते का, किंवा प्रसंगात कोणाला काही करावे लागते का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर वाक्य वगळावे. उत्तर ध्रुवावरच्या जलजमातीच्या राजधानीची नोंद या कसोटीने लिहिली तर ती साधारण अशी होईल.

‘शहर बर्फात कोरलेले. समुद्राच्या बाजूला उंच भिंत, मागे कडे. भिंतीला कायमचे दार नाही. जलबेंडर बर्फ सरकवून होडीला वाट देतात आणि मागून ती बंद करतात. रस्त्यांपेक्षा कालवे जास्त. रंग निळा, पांढरा, सावलीत जांभळट. कपड्यांना फरची कड. राजवाड्याच्या मागे छोटे उपवन, जगाच्या या टोकाला हिरवळ असलेली एकमेव जागा, तिथली हवा उबदार. उपवनातल्या तळ्यात एक पांढरा आणि एक काळा मासा एकमेकांभोवती फिरत असतो. पांढरा म्हणजे चंद्राचे, काळा म्हणजे सागराचे देहरूप. हल्ला करणाऱ्याने दिवसा करावा, कारण रात्री शहराचे बळ वाढते. पांढरा मासा मेला तर सगळ्या जलबेंडरांची शक्ती जाते.’

नोंद शंभराहून कमी शब्दांची आहे. तिच्यात इतिहास जवळजवळ नाही. पण पहिल्या भागाच्या अखेरचा वेढा तिच्यातून जवळजवळ आपोआप उलगडतो: अग्निराष्ट्राचे आरमार भिंत फोडते, सूर्यास्ताला थांबते, आणि सेनापती झाओ शहर न जिंकताच ते हरवण्याचा उपाय शोधतो, तो म्हणजे तळ्यातला मासा. नोंदीतले शेवटचे वाक्य नसते तर झाओ फक्त दुष्ट ठरला असता. त्या वाक्यामुळे तो चतुरही ठरतो.

ठिकाणाला त्याच्या नियमाचा रोजच्या जगण्यातला वापर दिला की ते खरे वाटू लागते. ओमाशू या डोंगरावरच्या शहरात दगडी घसरगुंड्यांतून टपाल आणि माल खाली येतो, आणि भूमिबेंडर तो पुन्हा वर ढकलतात. बा सिंग से या भिंतींच्या शहरात दगडी आगगाडी त्याच बळावर धावते. शहराची गरीब, मध्यम आणि श्रीमंत अशी तीन कडी भिंतींनी वेगळी केलेली आहेत, त्यामुळे पात्र कुठे उभे आहे हे पाहूनच त्याची पत कळते. फक्त लढाईतच दिसणारी जादू फार काळ विश्वासार्ह राहत नाही. लोक तिच्या जोरावर पाणी भरतात, ओझी उचलतात, पोट भरतात, हे दिसावे लागते.

चालीरीतींचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो आणि सर्वांत जास्त फळ देतो. सणवारांची यादी करण्यापेक्षा अशा चाली शोधाव्यात ज्यांमुळे कोणाला तरी काही मिळते आणि कोणाला तरी काही नाकारले जाते. उत्तरेकडील जलजमातीत मुलगा वाग्दत्त वधूसाठी स्वतःच्या हाताने गळ्यातला दगड कोरतो. त्याच जमातीत लढण्याचे बेंडिंग फक्त पुरुष शिकतात. स्त्रियांना तेच कौशल्य जखमा बऱ्या करण्यापुरते शिकवतात. कागदावर या दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत. कटारा या दक्षिणेकडच्या मुलीच्या गळ्यात मात्र त्या एकत्र येतात.

ती माळ पहिल्या एपिसोडपासून तिच्या गळ्यात दिसते. ती आईची आठवण आहे आणि आईच्या आधी आजीची होती, एवढेच प्रेक्षकाला ठाऊक असते. समुद्रातल्या त्या धातूच्या तुरुंगात ती हरवते आणि आंगचा पाठलाग करणाऱ्या राजपुत्र झूकोच्या हाती लागते. पुढे वासावरून माग काढणाऱ्या एका प्राण्याला तिच्यामुळे कटाराचा ठावठिकाणा कळतो. इथपर्यंत माळ म्हणजे कथानकाचे साधन आहे. मग कटारा उत्तरेला पोहोचते. तिथला गुरू पाकू मुलगी म्हणून तिला शिकवायला नकार देतो, ती त्याला आव्हान देते, आणि झुंजीत तुटून पडलेली माळ पाकू ओळखतो. साठ वर्षांपूर्वी ती त्यानेच कोरली होती, कटाराच्या आजीसाठी. ठरवून दिलेले ते लग्न आणि तिथल्या चाली नकोत म्हणून आजी दक्षिणेला निघून गेली होती. एका दागिन्यात चाल, कुटुंबाचा इतिहास आणि नायिकेचा लढा येऊन मिळतात, आणि त्यासाठी एकही नवी वस्तू आणावी लागत नाही. पुस्तिकेतल्या चालीच्या नोंदीत म्हणूनच तीन गोष्टी असाव्यात: ती कोणत्या वस्तूतून किंवा कृतीतून दिसते, ती कोणाच्या सोयीची आहे, आणि ती मोडणाऱ्याचे काय होते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती चाल शोभेची आहे.

शेजारच्या समाजात तीच चाल नसणेही नोंदवावे. दक्षिणेच्या जमातीत माळेची रीत नाही, म्हणूनच कटाराला स्वतःच्या गळ्यातल्या दागिन्याचा अर्थ उत्तरेला गेल्यावर कळतो. एका राष्ट्रात सगळे सारखेच वागतात असे दाखवणे हा कल्पनारम्य मालिकांचा जुना दोष आहे, आणि तो ‘अवतार’नेही सगळीकडे टाळला आहे असे नाही. तरी दलदलीत राहणारी, अंगावर पानांचे कपडे घालणारी आणि वेलींमधले पाणी वळवणारी जलजमात दाखवून बर्फ म्हणजेच जलबेंडर हे समीकरण तिने मोडले.

दृश्यखुणा शेवटी ठरवाव्यात, कारण त्या आधीच असलेल्या वस्तूंतून निवडायच्या असतात. त्यांचे दोन थर असतात. पहिला थर ओळखीचा: जलजमातीचा निळा, भूमिराज्याचा हिरवा, अग्निराष्ट्राचा लाल आणि काळा, वायुभिक्षूंचा भगवा-पिवळा. प्रत्येक पानावर हे रंग ठरलेले असतात, त्यामुळे ते बदलले की तोच बदल बोलू लागतो. देशातून परागंदा झालेला झूको आधी अग्निराष्ट्राची शेंडी कापून नदीत सोडतो, आणि पुढे बा सिंग सेमध्ये हिरव्या कपड्यांत चहा वाढताना दिसतो. तो नेमका कोणाच्या बाजूचा आहे हे त्याला स्वतःलाही उलगडलेले नसते, आणि संवादाआधी रंग ते सांगतात. आंगच्या कपाळावरचा बाण त्याच्या उडणाऱ्या बायसनच्या केसांतही आहे. वायुबेंडिंग माणसांनी याच प्राण्यांकडून पाहून घेतले, हे कळल्यावर तो बाण सजावट राहत नाही.

दुसरा थर लपलेल्या खुणांचा. पहिल्या भागात झूकोचा काका आयरो एका खेळातली कमळाची सोंगटी हरवल्याबद्दल एवढा गोंधळ घालतो की जहाज बंदराकडे वळवावे लागते. शेवटी ती त्याच्याच बाहीत सापडते. प्रसंग विनोदी वाटतो. दुसऱ्या भागात वाळवंटाच्या कडेला एका अनोळखी माणसासमोर तो तीच सोंगटी पटाच्या मध्यभागी ठेवतो आणि ती गुप्त संघटनेची खूण ठरते. शेवटच्या एपिसोडांत त्या संघटनेतले वृद्ध गुरू वेगवेगळ्या राष्ट्रांचे निघतात. त्यांच्यात पाकूही असतो. खूण पुन्हा पुन्हा येते आणि तिचा अर्थ वाढत जातो. पुस्तिकेत प्रत्येक खुणेपुढे ‘पहिल्यांदा कुठे, मग कुठे, अर्थ कसा बदलतो’ एवढे लिहिले की पुरे. एकच चिन्ह प्रत्येक दारावर, भांड्यावर आणि झेंड्यावर रंगवले तर तो नुसता छाप होतो. तो टाळायचा असेल तर मुख्य खुणा चार-पाचांच्या पुढे नेऊ नयेत.

एक पान ‘या जगात नाही’ यासाठी ठेवावे. चित्रकाराला सर्वांत उपयोगी पान हेच ठरते. ‘अवतार’मध्ये पाटी, पत्र, नकाशा, कुठेही इंग्रजी अक्षर दिसत नाही, सगळे लेखन चिनी लिपीत आहे आणि त्यासाठी सिउ-लेउंग ली या सुलेखनकारांची मदत घेतली गेली. प्राणी बहुतेक दोन प्राण्यांचे मिश्रण असतात, जसे कासव-बदक किंवा प्लॅटिपस-अस्वल. या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. बा सिंग सेच्या राजाने पाळलेले अस्वल म्हणजे फक्त अस्वल, आणि ते ऐकून पात्रेच चक्रावतात. नियम इतका सातत्याने पाळला गेला होता म्हणूनच अपवादावर हसू येते.

पुस्तिका तयार झाली की ती कामाशी संबंध नसलेल्या दोन वाचकांना द्यावी आणि तिच्यात थेट न लिहिलेले प्रश्न विचारावेत. लाकडी पिंजऱ्यात कोंडलेल्या, पाणी जवळ नसलेल्या जलबेंडरने काय करावे? भूमिराज्यातल्या दुकानावरची पाटी कशी दिसेल? दोघांची उत्तरे जुळली तर नियम स्पष्ट आहेत. जुळली नाहीत तर वाचकांचा दोष नाही. तेवढी ओळ पुस्तिकेत कमी आहे. पहिल्या प्रश्नाला मालिकेने दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे: कटारा जागच्या जागी धावून घाम काढते आणि त्या पाण्याने पिंजरा कापते. नवी शक्ती आणलेली नाही, जुन्या नियमातली वाट शोधली आहे.

काही गोष्टी मुद्दाम मोकळ्या ठेवायच्या असतात आणि त्या मोकळ्या आहेत हे लिहूनच ठेवावे, नाहीतर कोणीतरी एपिसोड चारमध्ये त्यांचे उत्तर देऊन टाकते. झूकोच्या आईचे काय झाले हे मालिका संपेपर्यंत सांगितलेले नाही. ती कथा पुढे कॉमिक्समध्ये आली. याउलट जे पडद्यावर एकदा सांगितले गेले ते पुस्तिकेत लगेच, एपिसोडच्या क्रमांकासह नोंदवले पाहिजे. लेखकांच्या आठवणीवर सोडलेली पुस्तिका पहिल्या भागाच्या शेवटी जुनी झालेली असते.

नियम वाढवण्याची वेळही येतेच, आणि तेव्हा नवा नियम जुन्याच्या पोटातून निघावा. धातू वळवता येत नाही हे ‘अवतार’ने समुद्रातल्या तुरुंगापासून मनावर ठसवले होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी लोखंडी पेटीत कोंडलेली टॉफ पत्रा हातांनी चाचपते, तिला त्यात मातीचे कण जाणवतात आणि ती ते वळवते. जुना नियम खोटा पडत नाही, फक्त त्याची कड थोडी पुढे सरकते. 2012 साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ कोरा’ या पुढच्या मालिकेत तीच विद्या शहराच्या पोलिसांकडे आहे आणि टॉफची मुलगी लिन त्यांची प्रमुख आहे. त्या शहरात शत्रू आपली यंत्रे प्लॅटिनमची बनवतात, कारण इतक्या शुद्ध धातूत वळवण्याजोगी माती उरलेली नसते.